चकचकीत सिरॅमिक पाटीवरचा घर नंबर किंवा नाव फोटोत बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या होमस्टेंचे आणि हाताने टाइल रंगवणाऱ्यांचे फोटो मी दुरुस्त करून देतो. त्यामुळे पांढऱ्या टाइलवर निळी अक्षरं असलेल्या अझुलेजो पाट्या माझ्याकडे सारख्या येतात. कुणाचा घर नंबर बदललेला असतो, कुणाला टाइल भट्टीत जाण्याआधी नवं नाव कसं दिसेल ते पाहायचं असतं, कुणाला खरा नंबर जाहिरातीत नको असतो. या कामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मेनूची नावं गिम्पमधली आहेत, कारण तो फुकट मिळतो. फोटोशॉपमध्ये वेगळं काही करायचं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

1. जुना आकडा पुसून त्यावर नवा टाइप केला, तर काय बिघडतं?

नवा आकडा काचेवर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. रंग जुळतो, फॉन्टही जवळचा असतो, तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं. कारण टाइलच्या घडणीत आहे. अझुलेजोत कोबाल्टचा निळा रंग कच्च्या पांढऱ्या ग्लेझवर ब्रशने लावतात आणि मग दोन्ही एकत्र भाजतात. भट्टीत रंग ग्लेझमध्ये मुरतो आणि वरचा पृष्ठभाग काचेसारखा सलग होतो. समोरच्या घराचा कठडा, आकाशाचा पट्टा, फोटो काढणारा माणूस, हे सगळं त्या काचेवर उमटतं. म्हणजे प्रतिबिंब अक्षराच्या वर असतं आणि पांढऱ्यावरून निळ्यावर, निळ्यावरून पांढऱ्यावर न तुटता जातं. वरून टाइप केलेला आकडा ते प्रतिबिंब झाकून टाकतो.

2. मग नव्या अक्षरांचा लेयर Multiply मोडवर ठेवला की झालं ना? खालचं सगळं दिसतंच.

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वात जास्त फसवणारा उपायही हाच. Multiply गुणाकार करतो. खाली सावली असेल तर हे बरोबर आहे, कारण झाडाची सावली पांढऱ्यालाही काळवंडते आणि निळ्यालाही, त्याच प्रमाणात. प्रतिबिंबाचं गणित वेगळं आहे. तो उजेड रंगापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर परततो. म्हणून तो मिळवला जातो:

```
फोटो = रंग × उजेड + प्रतिबिंब
```

समोरून पाहिलं तर ग्लेझ तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण 4 टक्के आरशासारखा परत पाठवते. तिरक्या नजरेने हे प्रमाण बरंच वाढतं. पांढऱ्यावर असो की निळ्यावर, हा भाग तेवढाच असतो. Multiply मध्ये मात्र प्रतिबिंबालाही निळ्या रंगाने गुणलं जातं, त्यामुळे अक्षराच्या आत ते जवळजवळ नाहीसं होतं. पाटीवर कठड्याच्या सळ्या दिसत आहेत आणि नेमक्या नव्या आकड्याच्या आत त्या गायब आहेत, असं असेल तर Multiply वापरलंय असं समजा.

3. पण माझ्या फोटोत पांढऱ्या भागावर प्रतिबिंब फारसं दिसतच नाही. तरी एवढा खटाटोप हवा?

हवा, आणि नेमका याच कारणामुळे. एका फोटोतले आकडे सांगतो. पांढऱ्या टाइलची लाल चॅनेलमधली पातळी 0 ते 255 च्या मापात 200 आहे आणि निळ्या अक्षराची 30. आता दोन्हींवर आकाशाचं सारखंच प्रतिबिंब पडलं, पूर्ण पांढऱ्याच्या 4 टक्के. फोटोतल्या पातळ्या उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, अंधाऱ्या बाजूला त्या ताणलेल्या असतात. म्हणून 200 चे होतात 206, पण 30 चे होतात 65.

पांढऱ्यावरचा 6 चा फरक डोळ्याला कळत नाही. अक्षरातला 35 चा फरक मात्र लगेच कळतो. चकचकीत पाटीवर प्रतिबिंब खरं तर अक्षरांमध्येच दिसतं. काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर समईची ज्योत चमकते आणि संगमरवरी मूर्तीवर तितकी जाणवत नाही, तसंच हे. म्हणून जुना आकडा पुसताना तुम्ही प्रतिबिंबाची सर्वात स्पष्ट नोंदही पुसत असता. हील ब्रश हातात घेण्याआधी मूळ लेयरची एक प्रत वेगळी ठेवा. ती पुढे लागणारच आहे.

4. एखादं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

पणजीतल्या फोन्तेन्हासमधल्या एका होमस्टेचा फोटो घेऊ. पाटी सहा टाइलची आहे, आडव्या तीन आणि उभ्या दोन. वरच्या ओळीत घराचं नाव आणि खालच्या ओळीत 217. नंबर बदलून 84 झाला होता, नव्या टाइल भाजून यायला वेळ होता आणि माहितीपत्रक छापायला जायचं होतं. अक्षरांमध्ये समोरच्या बाल्कनीच्या सळ्या आणि त्यांच्या मधलं आकाश स्पष्ट दिसत होतं. प्रश्न 3 मधल्या पातळ्या याच फोटोतल्या. सळी पडलेली तिथे निळा 30, दोन सळ्यांच्या मध्ये 65.

सगळ्यात आधी `Image > Precision` मध्ये जाऊन 32 bit floating point आणि Linear light निवडलं. यात बेरीज-वजाबाकी खऱ्या उजेडाच्या मापात होते.

मग दोन लेयर रंगवले. पहिल्यात प्रतिबिंब नसलेली जुनी पाटी, म्हणजे नुसता पांढरा रंग आणि त्यावर 217. पांढऱ्यासाठी सळीच्या प्रतिबिंबात आलेल्या चार-पाच जागांवरून रंग उचलला आणि त्यांच्यामध्ये मऊ ग्रेडियंट भरला, कारण पाटी डावीकडून उजवीकडे किंचित काळवंडत होती. निळ्यासाठी अक्षरातल्या सर्वात गडद जागा घेतल्या, तिथेही सळीच होती. 217 चा आकार पाथ टूलने जुन्या आकड्यावरूनच काढला. दुसऱ्या लेयरमध्ये तोच पांढरा ग्रेडियंट, तोच निळा, फक्त आकडा 84.

यानंतर वजाबाकी. मूळ फोटोवर पहिला लेयर ठेवला, त्याचा मोड Subtract केला आणि `Layer > New from Visible` ने निकाल नव्या लेयरमध्ये घेतला. हाती आलं ते निव्वळ प्रतिबिंब: काळ्या पार्श्वभूमीवर आकाशाचे फिके पट्टे, मध्ये सळ्यांच्या रेघा. कुठे निकाल शून्याखाली जात असेल, तर तिथे तुमचा पांढरा जास्त उजळ आहे. ग्रेडियंट थोडा उतरवा आणि वजाबाकी पुन्हा करा.

या प्रतिबिंबाच्या लेयरवर 217 च्या कडेने तीन-चार पिक्सेलची भुताटकी रेघ राहते, कारण हाताने काढलेला पाथ आणि खरी कड कधी तंतोतंत जुळत नाहीत. ती हील ब्रशने सळीच्या दिशेने घासून काढली. आडवं घासलं तर सळ्या वाकतात.

शेवटी 84 चा लेयर खाली, त्यावर प्रतिबिंबाचा लेयर Addition मोडमध्ये. दोन्हींचा गट करून त्याला मास्क लावला आणि जुन्या-नव्या आकड्यांपुरता आणि भोवतीच्या बोटभर जागेपुरताच उघडा ठेवला. बाकीची पाटी मूळ फोटोचीच राहिली. ग्रेडियंट कितीही जपून भरला तरी तो खरा पांढरा नसतो, त्यामुळे त्याचा जितका कमी भाग दिसेल तितकं बरं.

5. 84 जिथे आला तिथे आधी पांढरं होतं. तिथलं प्रतिबिंब पुरेसं स्वच्छ मिळतं का?

नाही, आणि प्रश्न 4 मधल्या पद्धतीचा कमकुवत दुवा हाच आहे. पांढऱ्यावर प्रतिबिंबाचा वाटा जेमतेम 6 पातळ्यांचा. त्याच पातळ्यांमध्ये टाइलचे डाग, ग्लेझवरचे बारीक तडे, पावसाचे ओघळ आणि कॅमेऱ्याचे दाणे मिसळलेले असतात. वजाबाकीनंतर हे सगळं प्रतिबिंबाच्या लेयरमध्ये येतं. पांढऱ्यावर ते कुणाला दिसत नाही, पण गडद आकड्यात मिळवलं की धुरकट ठिपके म्हणून वर येतं.

म्हणून पांढऱ्यावरून आलेलं प्रतिबिंब मी फक्त खुणेसाठी वापरतो. 217 च्या आत सळ्या स्पष्ट असतात, तिथून त्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि तिरकेपणा मिळतो. त्या रेघा मग त्याच टाइलवर पुढे वाढवतो, अगदी मऊ कडेच्या ब्रशने. पांढऱ्या भागातली अंधुक खूण सांगते की रेघ बरोबर जागी चालली आहे की घसरते आहे. खूण दिसत नसेल तर लाल चॅनेल एकट्याने पाहा आणि Levels मध्ये 255 च्या मापातला 190 ते 210 एवढाच पट्टा ताणा. सळ्या वर येतात.

6. लाल चॅनेलच का?

कोबाल्टचा निळा रंग लाल उजेड जवळजवळ गिळून टाकतो. त्यामुळे लाल चॅनेलमध्ये अक्षर काळं पडतं आणि आत उरतं ते बहुतेक प्रतिबिंबच. निळ्या चॅनेलमध्ये रंगाचा स्वतःचा उजेड जास्त असल्याने प्रतिबिंब त्यात बुडतं. अक्षरं हिरवी असतील तरी लालच घ्या. विटकरी किंवा लाल अक्षरं असतील तर निळा चॅनेल घ्या. काळ्या अक्षरांना कुठलाही चालतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ग्लेझवरचं प्रतिबिंब अक्षराचा रंग घेत नाही. आकाश निळसर असेल तर ते पांढऱ्यावर आणि विटकरीवर सारखंच निळसर उमटतं. प्रतिबिंबाला अक्षराच्या रंगाची छटा दिली की ग्लेझ प्लास्टिकसारखी दिसायला लागते. प्रतिबिंब अक्षराच्या रंगाचं दिसतं ते पितळी पाटीवर.

7. फोटोशॉपमध्ये आठ किंवा सोळा बिटवरच काम करतो. Addition ऐवजी Screen चालेल?

चालेल, पण पूर्ण ताकदीने नाही. प्रश्न 3 मधलं 4 टक्क्यांचं प्रतिबिंब स्वतंत्र लेयर म्हणून 56 या पातळीचं दिसतं. ते 30 च्या निळ्यावर Screen केलं तर 79 येतात, यायला हवेत 65. पांढऱ्यावर 212 येतात, हवेत 206. म्हणजे दोन्हीकडे जास्त, पण सारख्या प्रमाणात जास्त नाही. अक्षरासाठी ओपॅसिटी 70 टक्क्यांच्या आसपास जुळते, पांढऱ्यासाठी 50. नव्या आकड्यावर 70 ठेवा आणि पुसलेल्या जागेवर वेगळ्या मास्कने 50. काटेकोर हवं असेल तर 32 बिट मोडमध्ये Linear Dodge (Add) घ्या, तिथे बेरीज खरी होते. आठ बिटवर Linear Dodge मात्र नको. 30 आणि 56 ची सरळ बेरीज 86 होते, म्हणजे Screen पेक्षाही वाईट.

8. आकडा दोन टाइलच्या सांध्यावर येतोय. तिथे काय करायचं?

इथे थोडं थांबून नीट करा, कारण जाणकार माणूस आधी इथेच पाहतो.

टाइल रंगवताना त्या एकमेकींना चिकटवून ठेवतात, भाजल्यावर भिंतीवर बसवतात, आणि बसवताना मध्ये फट सुटते जी ग्राउटने भरली जाते. म्हणजे चित्र फटीवर काढलेलं नसतं. आकडा फटीपाशी थांबतो आणि पलीकडच्या टाइलवर जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची भर पडलेली असते. संगणकावर मात्र आपण आकडा सलग काढून वर फटीचा पट्टा ठेवतो, आणि मग आकड्याचा तेवढा भाग खाल्ल्यासारखा दिसतो. बरोबर पद्धत अशी: आकडा फट नसल्यासारखा काढा, सांध्याच्या रेषेवर कापा आणि दोन्ही तुकडे फटीच्या जाडीइतके दूर सरकवा. गवंड्याच्या हातून एखादी टाइल केसभर वर-खाली बसलेली असते. जुनी अक्षरं त्या सांध्यावर किती सरकली आहेत ते पाहा आणि नव्यालाही तितकंच सरकवा. देवनागरी नाव असेल तर शिरोरेघेवरून हे लगेच कळतं.

प्रतिबिंबाचा नियम याहून वेगळा आहे. प्रत्येक टाइल भिंतीवर किंचित वेगळ्या कलाने बसलेली असते, आणि आरसा जरा कलला की प्रतिबिंब त्याच्या दुप्पट कोनाने सरकतं. म्हणून तीच सळी एका टाइलवर जिथे संपते तिथून पुढच्या टाइलवर सुरू होत नाही, भलतीकडेच असते. एका टाइलवरचं प्रतिबिंब क्लोन करून दुसरीवर लावू नका, आणि प्रश्न 5 मध्ये सांगितलेल्या रेघा सांधा ओलांडून वाढवू नका. ग्राउटवर ग्लेझ नसते, त्यामुळे प्रतिबिंबाच्या लेयरमध्ये तो पट्टा काळाच राहायला हवा. फटीतून सळी आरपार गेलेली दिसली की खेळ संपला.

9. नवी अक्षरं फारच रेखीव दिसतात. ब्लर किती द्यावा?

ब्लरच्या आधी आकाराकडे पाहा. हाताने रंगवलेल्या पाटीवर तयार फॉन्टचा आकडा चालत नाही. पाटीवर जे आहे त्यातून जेवढं घेता येईल तेवढं घ्या. 84 मधला 4 मी 217 मधल्या 7 ची आडवी रेघ आणि 1 चा दांडा जोडून बनवला. 8 मात्र टॅब्लेटवर हाताने काढावा लागला. ब्रश टेकतो आणि उचलतो त्या टोकांना रंग साचून गडद होतो, मध्ये पातळ राहतो. हा चढउतार जुन्या अक्षरांवर मोजून नव्यात आणा.

कड मऊ असते त्याची कारणं दोन. रंग ग्लेझमध्ये मुरताना किंचित पसरतो, आणि लेन्सही थोडं मऊ करते. दोन्हींचा हिशेब एकदम करायचा तर जुन्या अक्षराची एक उभी कड मोठी करून बघा: गडद ते पांढरा हा बदल किती पिक्सेलमध्ये होतो? तितकाच नव्यात व्हायला हवा. मोबाइलच्या फोटोत बहुधा कडेला एक उजळ किनारही दिसते, ती मोबाइलने स्वतःहून केलेल्या शार्पनिंगची असते. तीही जुळवावी लागते.

प्रतिबिंबाला मात्र हा ब्लर लावू नका. कॅमेऱ्याच्या दृष्टीने समोरची बाल्कनी पाटीवर नाही, पाटीच्या तितकीच मागे आहे, आरशातल्या माणसासारखी. त्यामुळे अक्षर फोकसमध्ये असताना सळ्या अस्पष्ट असू शकतात, आणि कधी उलटही. दोन्हींचा फोकस वेगळा असतो आणि तसाच ठेवायचा असतो. ब्लर देताना अक्षरांचा आणि प्रतिबिंबाचा लेयर एकत्र करून टाकणं ही चूक मी सुरुवातीला बराच काळ करत होतो.

10. पाटी तिरकी दिसते. आधी फोटो सरळ करून घेऊ का?

नको. सरळ करून पुन्हा तिरका केला तर फोटो दोनदा नव्याने मोजला जातो आणि पाटीचा पोत धुतला जातो. नवी अक्षरं वेगळ्या चौकोनात सरळ काढा आणि Perspective टूलने त्या चौकोनाचे चार कोपरे पाटीच्या चार कोपऱ्यांवर बसवा. सांध्यांच्या रेषा जुळतात का ते पाहा, त्या जुळल्या की परिप्रेक्ष्य बरोबर. प्रतिबिंबाचा लेयर मूळ फोटोतूनच आलेला असतो, त्याला हात लावायचा नाही.

11. सूर्याचा किंवा फ्लॅशचा पांढराफटक डाग नव्या आकड्यावर येतोय. आकडा त्यातून दिसायला हवा का?

डागाच्या मधोमध पातळी 255 ला टेकलेली असेल तर नाही. तिथे खऱ्या पाटीवरचं अक्षरही कॅमेऱ्याला दिसलं नसतं. Addition वापरलं असेल तर हे आपोआप होतं: प्रतिबिंब जसं वाढतं तसं अक्षर फिकं होत जातं आणि मधोमध विरघळतं. फक्त एक अडचण येते. 255 ला कापलेल्या जागी प्रतिबिंब खरं किती होतं याची नोंदच फोटोत नाही. पांढरा 150 असताना फोटो 255 दाखवतो, तेव्हा वजाबाकीतून मिळतो तो किमान आकडा. गडद अक्षरावर तो मिळवला तर डाग मळकट राखाडी होतो. अशा वेळी प्रतिबिंबाच्या लेयरमध्ये डागाचा मध्य हाताने वाढवा, अक्षरावरही 255 होईल इतका. डागाची मऊ किनार जशी आहे तशी ठेवा.

आणि जुना आकडा नेमका त्या डागाखाली असेल तर तिथे पुसण्यासारखं काहीच नसतं. किनारीवर उरलेली टोकं तेवढी पाहा.

12. पाटीत मीच मोबाइल धरून उभा दिसतोय. मला काढून बाकीचं प्रतिबिंब ठेवता येईल?

प्रतिबिंब वेगळ्या लेयरमध्ये आलं असेल तर हे सोपं काम आहे. त्या लेयरमध्ये माणूस म्हणजे आकाश अडवणारा एक काळा आकार असतो. त्याच टाइलवरच्या आकाशाच्या पट्ट्याने तो भरून टाका. अक्षरं आणि टाइलचा पोत खालच्या लेयरमध्ये सुरक्षित आहेत.

फक्त मग पांढऱ्या भागावरही नवं प्रतिबिंब मिळवायला हवं, म्हणजे प्रश्न 4 मधला मास्क माणसाच्या आकाराएवढा उघडावा लागतो. तो अक्षरांपुरताच ठेवला तर पांढऱ्यावर अंधुक सावली राहते आणि अक्षरात आकाश येतं.

13. घर जवळच आहे, फोटो पुन्हा काढता येईल. मग काम सोपं होईल का?

खूपच. काळी छत्री न्या. मोबाइल किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर बसवा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, आणि दोन फोटो काढा. पहिला नेहमीसारखा. दुसरा काढताना सोबतीला आलेल्याला सांगा की पाटीसमोर, जिथून प्रतिबिंब येतंय त्या बाजूला, उघडी छत्री धर. पाटीत फक्त काळं दिसू लागलं की छत्री योग्य जागी आहे. पहिल्यातून दुसरा वजा केला की प्रतिबिंब तयार मिळतं, पांढऱ्यावरही आणि अक्षरांवरही. पाथ, ग्रेडियंट काही लागत नाही. पाटी मोठी असेल तर छत्रीऐवजी काळा पडदा.

यात एक मेख आहे. छत्री प्रतिबिंब अडवते तसा पाटीवर पडणारा थोडा उजेडही अडवते, त्यामुळे दुसरा फोटो जरा अंधारा येतो. सळीच्या प्रतिबिंबात आलेली पांढरी जागा दोन्ही फोटोंत मोजा आणि दुसरा तेवढ्या पटीने उजळ करून मगच वजाबाकी करा.

पोलरायझर फिल्टर वापरावा का, असंही विचारतात. तो समोरून उपयोगी नाही. ग्लेझसारख्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब तो जवळजवळ पूर्ण कापतो ते पाटीच्या लंबाशी साधारण 56 अंशांच्या तिरक्या कोनातून. तसा फोटो माहितीपत्रकाला चालत असेल तर जरूर वापरा.

14. अक्षरं उठावाची आहेत, बोटाला लागतात. हीच पद्धत चालेल?

अर्धीच. उठावाच्या अक्षराला स्वतःची चकाकी असते: वरच्या कडेला उजळ रेघ, खालच्या कडेला गडद, आणि फुगीर भागावर दाबलं गेलेलं आकाश. ती त्या अक्षराच्या आकारातून जन्मते, म्हणून जुन्याची चकाकी नव्यावर लावता येत नाही. सपाट भागासाठी प्रश्न 4 ची पद्धत ठेवा. कडेच्या रेघा जुन्या अक्षरांतून तुकड्यातुकड्याने उचला, पण उभ्या दांड्याची कड उभ्यालाच आणि वळणाची त्याच दिशेच्या वळणाला. 2 च्या डोक्यावरचं वळण 9 च्या डोक्याला चालतं, पायाला नाही.

15. देवनागरी नाव टाकताना अक्षरं तुटतात, किंवा ‘हिंदी’ दिसतात. का?

तुटणं सेटिंगचं असतं. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये World-Ready Layout निवडा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. गिम्पमध्ये हा त्रास होत नाही.

‘हिंदी’ दिसणं फॉन्टचं असतं. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी आहेत, तशीच 5, 8 आणि 9 या देवनागरी अंकांचीही. पाटीवरच्या जुन्या नावात मराठी ल असेल आणि नव्यात दांडीचा हिंदी ल आला, तर प्रतिबिंब कितीही जुळवा, घरमालक पहिल्या नजरेत म्हणणार की ही आमची पाटी नव्हे. मी तर फॉन्ट फक्त मांडणीपुरता घेतो आणि अक्षरं वरून हाताने गिरवतो, प्रश्न 9 मध्ये सांगितलं तशी.

16. काम झालं की तपासायचं कसं?

New from Visible ने सगळ्यात वर एक तात्पुरती प्रत घ्या, तिच्यावर Levels उघडा आणि उजवीकडचा पांढरा खटका 255 च्या मापात 90 पर्यंत डावीकडे ओढा. पांढरा भाग जळून जाईल आणि फक्त अक्षरांचं पोट दिसेल. जुन्या नावाच्या अक्षरांत सळ्या दिसतायत, नव्या आकड्यातही तितक्याच दिसतायत का? नवा आकडा सपाट असेल, जास्त उजळ असेल किंवा त्यातले दाणे वेगळे असतील, तर इथे लगेच कळतं. दाण्यांबाबत एवढंच की प्रतिबिंबाचा लेयर मूळ फोटोतले दाणे सोबत आणतो. हाताने रंगवलेल्या जागीच वेगळे दाणे टाका, सगळीकडे नको.

मग फोटो आडवा उलटा करून पाहा. आकडा वाचता येईनासा झाला की डोळा नुसता उजेड बघतो.

17. पाटी फोटोत अगदी लहान आहे. एवढं सगळं करावं का?

आकड्याची उंची तीस-चाळीस पिक्सेलपेक्षा कमी असेल तर नको. तिथे सळ्या नसतात, अक्षराच्या आत नुसती एक फिकट छटा असते. आकड्याचा रंग जुन्या आकड्यावरून उचला, कोबाल्टच्या शुद्ध निळ्यावरून नाही. प्रतिबिंब त्या उचललेल्या रंगात आधीच मिसळलेलं असतं.

18. नंबर लपवण्यासाठीच बदलला आहे. आता फोटो टाकायला हरकत नाही ना?

पाटीव्यतिरिक्त तोच नंबर आणखी कुठे दिसतो ते पाहा: मीटरच्या पेटीवर, टपालपेटीवर, खाली उभ्या गाडीच्या काचेत उलटा. त्यानंतर फाइल पाहा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात, आणि मूळ फोटोचं एक छोटं चित्रही आत दडलेलं असू शकतं, ज्यात जुनाच नंबर असतो. गिम्पमधून `File > Export As` करताना Save Exif data ची खूण काढा. छोटं चित्र जोडण्याचा पर्यायही तिथेच आहे, तोही बंद करा.

19. बँकेला किंवा भाडेकरारासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून पाटीचा फोटो मागितलाय. नंबर बदलून द्याल का?

नाही. घराचा नंबर खरोखर बदलला असला तरी नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 मध्ये बनावट कागदपत्राबरोबर बनावट इलेक्ट्रॉनिक नोंदही येते. नंबर खरंच बदलला असेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा कागद असतो, तो द्या. टाइल भट्टीतून यायची असेल तर टाइलवाल्याला दाखवायचा नमुना मी करून देतो, आणि त्याच्या कोपऱ्यात ‘नमुना’ असं लिहिलेलं असतं.